काशाची वाटी की काशाचं मशीन?

उन्हाळा लागला की तळवे घासायला दोन्हींतलं काय घ्यावं, हा प्रश्न आमच्याकडे हमखास येतो. यंदा मावसभावाने विचारला. त्याच्या वडिलांचे तळवे रात्री जळजळतात, झोप लागत नाही, आणि कोपऱ्यावरच्या केंद्रात मशीनवर पाय ठेवून आल्यापासून त्यांना ते घरी हवं झालंय. मी दोन्ही वापरलं आहे. वाटी लहानपणापासून, मशीन दीड वर्ष. त्यामुळे सांगायचा थोडा अधिकार आहे असं समजतो. वैद्य मात्र नाही.

आधी त्या काळ्या रंगाचं बोलू, कारण मशीन विकलं जातं ते त्यावरच. वीस मिनिटांनी पाय उचलले की तळवे कोळशासारखे काळे झालेले असतात आणि समोरचा माणूस सांगतो, "बघा साहेब, किती उष्णता निघाली." पहिल्यांदा मलाही ते पटलं होतं. मग एका रविवारी जुनी चामडी चप्पल घेतली, तिच्या आतल्या बाजूला तूप लावलं आणि वाटीने दहा मिनिटं घासली. चप्पलही काळी झाली. कांसं म्हणजे तांबं आणि कथील, साधारण अठ्ठ्याहत्तर भाग तांबं आणि बावीस भाग कथील. घासताना धातूचा अगदी बारीक कीस सुटतो, तांब्याचा तुपातल्या आम्लांशी आणि घामातल्या मिठाशी संयोग होतो आणि तो काळपट लगदा तयार होतो. तूप रात्रभर काशाच्या वाटीत राहिलं तर हिरवं पडतं, ते याच कारणाने. ज्याच्या पायाला घाम जास्त, त्याचे पाय जास्त काळे होतात. मशीन हातापेक्षा जोरात आणि न थांबता घासतं, म्हणून तिथे काळेपणाही जास्त. त्यावरून शरीरातलं काय निघालं ते कळत नाही.

म्हणून हे सगळं थोतांड आहे असं मात्र मी म्हणणार नाही. चरकसंहितेत पादाभ्यंगाचं वर्णन आहे. पायांचा खरखरीतपणा, ताठरपणा, कोरडेपणा, थकवा आणि बधिरपणा त्याने लगेच कमी होतो, असं तिथे म्हटलंय. पुढे दृष्टी प्रसन्न होते, असंही आहे. यातला कोरडेपणा आणि थकवा तर कोणीही घरी पडताळून पाहावा. दृष्टीचं मला सांगता येत नाही. वाटी फिरवल्यावर डोळ्यांची आग कमी वाटते खरी, पण तेवढा अर्धा तास मी डोळे मिटून पडलेलो असतो. चष्म्याचा नंबर आहे तिथेच आहे. आणि हो, त्या श्लोकांत तेल चोळायला सांगितलंय, वाटीचं नाव नाही.

झोपेच्या बाबतीत गंमत आहे. 1999 साली स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या संशोधकांनी असं मांडलं की हातपाय उबदार असले तर झोप लवकर लागते. तळव्यांतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, तिथून शरीराची ऊब बाहेर जाते आणि आतलं तापमान किंचित उतरतं. आजी 'उष्णता निघते' म्हणायची ते अगदीच हवेतलं नव्हतं म्हणायचं. पण त्या संशोधनात वाटी नव्हती, तूप नव्हतं आणि काळा रंगही नव्हता. नुसत्या तळहाताने चोळलं असतं तर फरक पडला असता का? माझ्या पायांना वाटीचा गार, जड स्पर्श जास्त आवडतो, एवढंच मी सांगू शकतो.

आता मशीन माझ्या मनातून का उतरलं ते सांगतो. रात्री साडेदहाला खुर्चीत ताठ बसायचं, दोन्ही पाय काशाच्या फिरत्या थाळ्यांवर, खाली मोटरची घरघर. दहाव्या मिनिटाला डोळे जड होतात. विसाव्या मिनिटाला मशीन बंद होतं आणि इथे खरी कटकट सुरू होते. पाय काळे आणि तेलकट, तसेच टेकवले तर फरशीवर ठसे उमटतात, आणि घसरायची भीती वेगळीच. मग टाचांवर चालत मोरीत जायचं, साबणाने दोनदा घासायचं, परत येऊन थाळ्या पुसायच्या, कडेच्या फटीतला काळा लगदा जुन्या चिंधीने काढायचा. हे होईपर्यंत झोप कुठल्या कुठे. झोपेसाठी आणलेली वस्तू रोज रात्री मला उठवून बसवायची. दीड वर्षांत सवय होईल म्हटलं, झाली नाही.

वाटीचं काम पलंगावरच होतं. पाय धुऊन कोरडे करायचे, खाली जुना टॉवेल घ्यायचा. एका पायाला पाव चमचा गाईचं तूप पुरतं. वाटी आतून धरून तिची पाठ तळव्यावर फिरवायची, टाचेला गोल गोल आणि मधल्या खळग्यात लांब. वाटी करकरायला लागली की तूप जिरलं असं समजावं आणि आणखी थेंबभर घ्यावं. एका पायाला दहा मिनिटं. हातवाटीने तळवा राखाडी होतो, कोळसा होत नाही. टॉवेलने पुसलं, जुने मोजे चढवले की झालं. आमच्याकडे बायको डावा पाय संपवून उजव्याकडे वळते तोवर मी बहुतेक वेळा झोपलेलो असतो. तिचा नंबर आला की मी जागा राहतो, असा माझा दावा आहे.

वाटीची अडचण तुमच्या लक्षात आलीच असेल. दुसरं माणूस लागतं. स्वतःच्या पायाला स्वतः फिरवायची तर कंबर दुखते आणि पाच मिनिटांत कंटाळा येतो. घरात एकट्याने राहणाऱ्याला मी मशीनच घ्या म्हणेन. आणखी एक म्हणजे बाजारात काशाच्या नावाखाली पितळही खपतं. वाटी बोटाच्या टोकावर धरून टिचकी मारावी. काशाचा नाद लांबत जातो, पितळ लवकर गप्प होतं. कांसं ठिसूळ असतं, हातातून फरशीवर पडलं तर तडकतं. आमची एक तशीच गेली. मशीनची थाळी खाली पक्की बसवलेली, तिला टिचकी मारून काय कळणार?

भावाला मात्र मी वाटी की मशीन हे सांगण्याआधी दुसरंच विचारलं. काकांची साखर कधी तपासली होती? तळव्यांची आग मधुमेहात नसा बिघडल्यानेही होते, जीवनसत्त्व ब 12 कमी असलं तरी होते. अशा पायांना चटका किंवा सोललेलं लवकर जाणवत नाही, आणि फिरत्या थाळीवर वीस मिनिटं ठेवलेला बधिर पाय मला धोक्याचा वाटतो. हाताने चोळणाऱ्याला निदान कातडी लाल झालेली दिसते. भेगांतून रक्त येत असेल, जखम असेल किंवा एकच पोटरी सुजून दुखत असेल, तर दोन्ही बाजूला ठेवून आधी डॉक्टर.

काकांची तपासणी झाली, ब 12 बरंच कमी निघालं. गोळ्या सुरू आहेत आणि रात्री नातू वाटी फिरवतो. आता आग कमी आहे. ते गोळ्यांमुळे की नातवामुळे, यावर त्यांच्या घरी रोज वाद असतो.

माझं मशीन शेजारच्या आजोबांकडे गेलं. ते एकटेच राहतात. बातम्या लावून पाय ठेवून बसतात, आणि मी दिसलो की तळवे वर करून दाखवतात, "आज बघ, किती निघाली." मी म्हणतो, "बरीच निघाली, आजोबा. उठताना तेवढं जपून."