परदेशातून पैसे पाठवायचं अ‍ॅप: वर्षभराचा अनुभव, आणि पैसे अडकतात तेव्हा घरच्यांनी काय करायचं

धाकटा भाऊ दुबईत एसी टेक्निशियन आहे. आधी तो तिथल्या एक्स्चेंजच्या काउंटरवर रांग लावून पैसे पाठवायचा, वर्षभरापासून मोबाईल अ‍ॅपवरून पाठवतो. पैसे येतात आईच्या बचत खात्यात आणि पुढचं सगळं सोलापुरात मी बघतो. अ‍ॅपचं नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे लिहिलेला त्रास जवळपास सगळ्याच कंपन्यांत असतो.

महिन्याच्या साध्या रकमेला अ‍ॅप उत्तम आहे. दीड हजार दिरहम पाठवले की त्याने फोन ठेवायच्या आत आईच्या मोबाईलवर मेसेज. भावही काउंटरपेक्षा बरा मिळतो. कसोटी लागली ती घराच्या स्लॅबच्या वेळी.

जुळे सोलापुरात आमचं वरच्या मजल्याचं काम चालू होतं आणि पावसाआधी स्लॅब पडायला हवा होता. ठेकेदार म्हणाला, "आईंच्या खात्यात कशाला? थेट माझ्या खात्यावरच मारायला सांगा की." भावाने सोळा हजार दिरहम, म्हणजे पावणेचार लाखांच्या आसपास, ठेकेदाराच्या नावावर टाकले आणि कारणाच्या यादीतून नेहमीचं 'कुटुंबाचा निर्वाह' निवडलं. अ‍ॅपवर लगेच 'अंडर रिव्ह्यू' आलं आणि तिथंच थांबलं.

अशा वेळी घरचे लोक आधी आपल्या बँकेत धावतात. तिथला माणूस कॉम्प्युटरमध्ये बघतो, काही आलेलं नाही म्हणतो, आणि आपण चिडून बाहेर पडतो. त्याआधी भावाला एकच विचारायचं: यूटीआर, म्हणजे बँकेतल्या व्यवहाराचा नंबर, आलाय का? यूटीआर नसेल तर बहुतेकदा पैसे अजून भारतातल्या बँकांच्या रस्त्याला लागलेलेच नसतात, ते पाठवणाऱ्या कंपनीकडे असतात आणि तिथं फक्त पाठवणाराच बोलू शकतो. यूटीआर असेल तर मात्र तो नंबर घेऊन आपल्या शाखेत जायचं, त्यावरून व्यवहार सापडतो. एनईएफटीने आलेली रक्कम खात्यात जमा होत नसेल, तर बॅच संपल्यापासून दोन तासांत ती परत पाठवायची असा नियम आहे. म्हणून ती बँकेत दिवसेंदिवस पडून असण्याची शक्यता कमी. पैसे स्विफ्टने, म्हणजे परदेशी बँकेकडून आपल्या बँकेला, थेट आले असतील तर गोष्ट वेगळी. तिथं बँकेचा परकीय चलन विभाग रक्कम अडवून आपल्याला कारण लिहून मागतो. तो मेसेज किंवा ईमेल खातेदाराकडे येतो, तेव्हा आईचा जुना नंबर बँकेत नोंदलेला असेल तर कुणालाच काही कळत नाही.

आमच्याकडे यूटीआर नव्हता. म्हणजे अडलं होतं दुबईच्या बाजूला.

कारण उघड होतं. पैसे घेणारा नवा, त्याचं आडनाव वेगळं, नातं 'इतर', रक्कम नेहमीच्या दहापट आणि कारण मात्र कुटुंबाचा निर्वाह. तपासणाऱ्याला हे जुळणारच नाही. घरी पाठवायच्या पैशांसाठी जो कोड लागतो तो P1301, अनिवासी भारतीयाने कुटुंबाच्या निर्वाहासाठी आणि बचतीसाठी पाठवलेली रक्कम. भेट असेल तर P1302. ठेकेदाराचं बिल या दोन्हींत बसत नाही. कारण बदलून बघू, असं भावाच्या मनात होतं. मी म्हटलं, आता कारण बदललंस तर संशय वाढेल. त्यापेक्षा हा व्यवहार रद्द कर, आईच्या नावावर पाठव, इथं आईच्या खात्यातून आपण ठेकेदाराला देऊ. आईच्या घराचं काम आहे, मुलगा आईला पैसे देतोय, त्यात लपवायचं काहीच नाही.

रद्द केल्यावर रक्कम त्याच्या तिथल्या खात्यात परत गेली. आईच्या नावावर पुन्हा पाठवली तर अ‍ॅपने तीन गोष्टी मागितल्या: एमिरेट्स आयडीच्या दोन्ही बाजू, पगार जमा होतो त्या खात्याचं तीन महिन्यांचं स्टेटमेंट आणि आईशी नातं असल्याचा पुरावा. पहिल्या दोन त्याच्याकडेच होत्या. नात्यासाठी लोक जन्मदाखला, रेशनकार्ड शोधत बसतात. भारतीय पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आई-वडिलांची नावं छापलेली असतात, तेवढा फोटो पुरतो. मी इंजिनिअरकडून सहीशिक्क्याचं एस्टिमेट घेऊन पाठवलं. ते कुणी मागितलं नव्हतं, पण एवढी रक्कम एकदम कशासाठी, याचं उत्तर त्यातून आपोआप मिळतं.

तरी अडलंच. आता नावावरून. पासपोर्टवर आणि आधारवर आई 'महादेवी', बँकेच्या पासबुकावर 'महादेवीबाई'. दरमहा पैसे यायचे कारण अ‍ॅपमध्ये भावाने पासबुकातलं नाव जसंच्या तसं टाकलं होतं. रक्कम मोठी झाली, नात्याचा कागद पुढे आला आणि फरक डोळ्यावर आला. आपल्याकडे जुन्या पासबुकांत ही 'बाई' फार. शिवाय माहेरचं नाव, नवऱ्याचं नाव मधे की शेवटी, तेलुगू घरांत आडनाव आधी, असे प्रकार सोलापुरात घरोघरी सापडतील.

इथं काम घरच्यांचंच असतं. आईला घेऊन मी शाखेत गेलो, आधार आणि पॅनची स्वाक्षरी केलेली झेरॉक्स जोडून केवायसीचा फॉर्म भरला आणि खात्यावरचं नाव आधारप्रमाणे करून घेतलं. त्याच फॉर्मवर मोबाईल नंबरही नवा टाकला. आधार आणि पासपोर्ट दोन्हींत एकच नाव असल्यामुळे एवढ्यावर भागलं. त्या दोघांतच फरक असता तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं नोटरीचं प्रतिज्ञापत्र करावं लागलं असतं. नाव बदलल्यावर भावाने अ‍ॅपमधली आईची जुनी नोंद काढून नवी केली. हे विसरलात तर अ‍ॅप जुनंच नाव धरून बसतं. मग मात्र पैसे त्याच दिवशी आले.

अ‍ॅपच्या ग्राहकसेवेबद्दल मात्र मी कधीच चांगलं लिहिणार नाही. "तपासणी चालू आहे" यापलीकडे काही बोलत नाहीत. थोडं समजून घेता येतं, कारण निर्बंध घातलेल्या लोकांच्या यादीतल्या एखाद्या नावाशी आपलं नाव जुळलं तर ते ग्राहकाला सांगायची त्यांना मोकळीक नसते, आणि जन्मतारीख दिल्यावर असं अडलेलं बहुतेकदा सुटतं. पण कुठला कागद कमी आहे, एवढं तरी सांगायला काय हरकत आहे?

शेजारच्या काकूंच्या बाबतीत वेगळंच निघालं. त्यांचं खातं मोबाईलवरून फक्त आधारच्या ओटीपीवर उघडलेलं. अशा खात्यात आर्थिक वर्षात एकूण दोन लाखांपर्यंतच जमा होऊ शकतं. मुलाने कतारहून मोठी रक्कम पाठवायच्या आधी त्यांनी शाखेत जाऊन पूर्ण केवायसी करून घेतली. कुणाचं खातं दोन वर्षं वापरलेलंच नसेल तर ते निष्क्रिय होतं, तेही आधी चालू करून घ्यायचं. आणि 'पैसे सोडवायला क्लिअरन्स फी भरा' असा फोन आला तर ठेवून द्यायचा. पैसे घेणाऱ्याकडून अशी फी कुठलीच खरी कंपनी मागत नाही, ओटीपी तर नाहीच.

आईला आयकराची काळजी होती. मुलाने आईला दिलेली रक्कम भेट म्हणून करमुक्त असते, मर्यादा नाही. स्टेटमेंट मात्र जपून ठेवलंय.

पाचपैकी साडेतीन तारे. महिन्याचे पैसे अ‍ॅपवरूनच येतात. प्लास्टरची मोठी रक्कम भाऊ आधी भारतातल्या स्वतःच्या एनआरई, म्हणजे अनिवासी भारतीयाच्या, खात्यात आणणार आणि तिथून आईला देणार, असं ठरलंय.