शिवणीच्या सावलीतला मजकूर आणि जिंप: काही महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या महाल भागातल्या घरी जुन्या मराठी मासिकांचे बांधीव खंड आहेत. त्यांचं स्कॅनिंग हिवाळ्यात सुरू केलं आणि तेव्हापासून पानं सुधारायला जिंपच वापरतोय. चित्रं सुधारायचा फुकटचा प्रोग्राम आहे, २.१० ही आवृत्ती. सगळ्या जिंपबद्दल नाही, मला ज्यासाठी तो लागला तेवढ्याबद्दलच लिहितो: शिवणीजवळची काळी सावली काढून तिथली अक्षरं वाचती करायची, पण पानाचा बाक तसाच ठेवायचा.

बाक का ठेवायचा, हे आधी सांगतो. पान ताणून सपाट करणारे प्रोग्राम आहेत आणि साध्या वाचनासाठी ते चांगलेच आहेत. पण शिवणीजवळ कागद वळतो तिथे अक्षरं आडवी आक्रसलेली असतात. ती ताणून रुंद केली की चित्रात नसलेला तपशील प्रोग्राम अंदाजाने भरतो, आणि आधीच धूसर असलेला मजकूर आणखी पसरतो. शिवाय आमच्या खंडांत आतल्या समासात आजोबांच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. त्या कुठल्या ओळीशेजारी आहेत, हे मला जसंच्या तसं हवं आहे.

खंड उघडून सपाट दाबणं शक्य नव्हतं. पानं एकावर एक ठेवून कडेने सुई घालून शिवलेली आहेत, त्यामुळे मजकुराचा शेवट शिवणीला टेकतो. कागद इतका कडक झालाय की जोर दिला तर तुटतो. ओळखीच्या बाइंडर काकांनी पान बोटाने हलवून पाहिलं आणि म्हणाले, "शिवण सोडू नका, परत बसणार नाही." म्हणजे जे करायचं ते स्क्रीनवरच.

पद्धतीचं मूळ सोपं आहे. सावली म्हणजे त्या जागी कागदावर कमी पडलेला उजेड. प्रत्येक ठिकाणी कागद किती उजळ आहे हे कळलं, तर चित्राला त्या आकड्याने भागायचं, की सावली जाते. नुसतं ब्राइटनेस वाढवून हे होत नाही, कारण सावली जागोजागी वेगळी असते.

कागदाचा उजेड असा मिळतो: लेयरची, म्हणजे चित्राच्या थराची, प्रत काढायची आणि तिच्यावर `Median Blur` चालवायचा. या फिल्टरमध्ये `Percentile` नावाची पट्टी आहे, मुळात ५० वर असते. ती ८५ च्या आसपास नेली की प्रत्येक ठिकाणी आजूबाजूच्या उजळ ठिपक्यांपैकी एक निवडला जातो, म्हणजे शाई गळते आणि कागद उरतो. तीनशे डीपीआयच्या स्कॅनवर `Radius` मी २० ते २५ ठेवतो. मग त्या प्रतीचा मोड `Divide` करायचा. मूळ खाली, प्रत वर.

रेडियस बरोबर आहे की नाही, हे भागण्याआधीच कळतं. प्रतीमध्ये अक्षरांची पुसट भुतं दिसत असतील तर रेडियस कमी आहे, आणि भागल्यावर तीच अक्षरं फिकी पडतील. उलट रेडियस फार मोठा असेल तर शिवणीशी सावली एकदम गडद होते तिथे प्रत मागे पडते आणि काळी पट्टी शिल्लक राहते. देवनागरीत शिरोरेषेमुळे शाई दाट असते, म्हणून टक्केवारी ८५ च्या खाली आणली की भुतं लवकर दिसू लागतात.

आता एक पान उदाहरणासाठी घेऊ. डाव्या पानाच्या ओळीच्या शेवटी 'करण्यात' हा शब्द आहे आणि 'ण्यात' सावलीत गेलंय. रंग तपासणाऱ्या टूलने पाहिलं तर, शून्य म्हणजे काळा आणि २५५ म्हणजे पांढरा या मापात, पानाच्या मध्ये कागद साधारण २१२ आणि शाई ६० होती. शिवणीपासून पाच मिलिमीटरवर कागद ७० आणि शाई ४०. भागाकारानंतर दोन्हीकडचा कागद पांढरा झाला, पण शाई सारखी झाली नाही: मध्ये ती ७५ च्या जवळपास आली, शिवणीकडे १५० वरच राहिली. खाचेत कागद जितका काळवंडतो तितकी तिथली शाई काळी टिपली जात नाही. भागाकार कागद सुधारतो, शाई नाही.

म्हणून पुढची पायरी हवी. `New from Visible` ने नवा लेयर काढायचा आणि `Levels` मध्ये काळ्या टोकाचा आकडा १०५ च्या आसपास आणायचा. १५० ची शाई त्याने ७५ वर येते, कागद पांढराच राहतो. त्यावर पानाच्या मधल्या भागातून उचललेला कागदाचा पिवळट रंग `Multiply` मोडमध्ये टाकून तो त्याच लेयरमध्ये मिळवायचा, नाहीतर शिवणीकडे पांढरी चिंधी लावल्यासारखं दिसतं. मग खालची भागाकाराची प्रत लपवायची. शेवटी या लेयरला काळा, म्हणजे सगळा लेयर लपवणारा, मास्क देऊन शिवणीकडून बाहेर पांढऱ्यातून काळ्याकडे ग्रेडियंट ओढायचा, सुमारे २०० पिक्सेल, म्हणजे सतरा मिलिमीटर. बाकीचं पान अजिबात बदलत नाही.

बाक टिकतो तो इथे. लेयरची ओपॅसिटी मी १०० ऐवजी ८० ठेवतो. उरलेली हलकी सावली डोळ्याला सांगते की पान आत वळतंय. पूर्ण काढली तर वाकलेल्या ओळी सपाट पांढऱ्यावर तरंगतात आणि छपाईच वाकडी वाटू लागते.

तरीही काही अक्षरं तुटतातच. अशा वेळी तेच अक्षर त्याच पानावर, शिवणीपासून तितक्याच अंतरावर, दुसऱ्या ओळीत शोधायचं. अंतर तेवढंच असेल तर आक्रसही तेवढाच असतो. मग ते सरळ खाली-वर सरकवून बसवता येतं, रुंदी बदलावी लागत नाही. फक्त शेजारच्याच ओळींतून घ्यायचं. वरून कॅमेऱ्याने काढलेल्या पानात वरच्या ओळी शिवणीजवळ खाली झुकतात आणि खालच्या वर, त्यामुळे दूरच्या ओळीतला तुकडा शिरोरेषेच्या उतारावर लगेच उघडा पडतो. थोडा फरक असेल तर `Warp Transform` ने रेष वाकवतो. सुट्या धातूच्या अक्षरांच्या, म्हणजे खिळ्यांच्या, छपाईत दोन खिळ्यांमध्ये शिरोरेषेला बारीक फट असते. ती दुरुस्तीच्या भरात जोडू नये, ती छपाईचीच आहे. असा बसवलेला तुकडा मी वेगळ्या लेयरवर ठेवतो आणि लेयर तसेच राखणारी जिंपची एक्ससीएफ फाइल जपतो, म्हणजे मूळ काय आणि माझं काय हे कुणालाही पाहता येईल.

मर्यादाही मोठ्या आहेत. लेव्हल्सने जितका काळेपणा वाढतो तितकेच स्कॅनमधले बारीक कणही वाढतात, वरच्या उदाहरणात पावणेदोन पट. जेपेगमध्ये स्कॅन केलं असेल तर सावलीतले चौकोनी ठोकळे उठून दिसतात, म्हणून स्कॅन टिफमध्येच घ्यावा, आणि स्कॅनर देत असेल तर सोळा बिटचा. आठ बिटचं चित्र नंतर सोळा करून हरवलेल्या छटा येत नाहीत. पातळ, हलक्या सीआयएस स्कॅनरला काचेपासून थोडं दूर असलेलं फारसं स्पष्ट टिपता येत नाही. काचेपासून कागद उचलला की अक्षर धूसर होतं, आणि ते धूसरपण कुठलाही भागाकार काढत नाही. सीसीडी स्कॅनर जड असतो, पण या कामाला तोच. शाई आणि कागद यांच्या आकड्यांत पाच-सहाचाच फरक उरला असेल तर त्या जागी वेळ घालवू नये. पान थोडं वेगळ्या कोनातून पुन्हा स्कॅन करावं.

प्रोग्राम म्हणून तक्रार एकच: मोठ्या पानावर मेडियन ब्लर माझ्या जुन्या लॅपटॉपवर मंद चालतो, म्हणून मी शिवणीकडची पट्टीच निवडून त्यावर तो लावतो. त्या पट्टीला बाहेरच्या बाजूने शंभरेक पिक्सेल जास्त घ्यावे लागतात, नाहीतर मास्कची कड पट्टीच्या कडेला येऊन उभी रेघ दिसते.