इंटर्नशिपचे शेवटचे चार आठवडे: बचत दाखवायची की जबाबदारी?

बेळगावच्या उद्यमबागेत आमच्या मशीन शॉपमध्ये दरवर्षी शेवटच्या सेमिस्टरची पोरं येतात. शेवटचा महिना आला की त्यांच्यातला एखादा विचारतो, "सर, इथंच चिकटायचं तर काय दाखवू?" दाखवण्यासारखं दोन प्रकारचं असतं. एक म्हणजे तुम्ही केलेल्या सुधारणेचा आकडा, दुसरं म्हणजे तुम्ही रोज सांभाळत असलेलं काम. दोन्ही नीट मांडायला चार आठवडे पुरत नाहीत, म्हणून एकाला झुकतं माप द्यावं लागतं.

खानापूरकडच्या एका पोरानं आकड्याचा रस्ता धरला होता. सीएनसीवर एक जॉब उतरवून दुसरा लावायला किती वेळ जातो, ते त्यानं घड्याळ लावून मोजलं. सरासरी ७० मिनिटं निघाली. त्यातला बराचसा वेळ गेज शोधण्यात आणि सॉफ्ट जॉ बोअर करण्यात जात होता. पुढच्या जॉबचे गेज, टूल आणि जॉ आधीच ट्रॉलीवर तयार ठेवायची पद्धत त्यानं घातली, कन्नड आणि मराठीत यादी लिहून मशीनला चिकटवली. वेळ ४५ मिनिटांवर आला.

इन-चार्जनी कागद बघून एकच प्रश्न केला: "घड्याळ कधी थांबवलंस?" पोरानं मशीन सुरू झाल्यावर थांबवलं होतं. खरा सेटिंग टाइम जुन्या जॉबच्या शेवटच्या चांगल्या पीसपासून नव्याच्या ओके झालेल्या पहिल्या पीसपर्यंत धरतात. क्वालिटीवाल्याची वाट बघण्यात आणखी १५ मिनिटं जात होती, म्हणजे खरे आकडे ८५ आणि ६०. बचत तीच, २५ मिनिटांची. पण कागदावरचा ४५ चुकीचा ठरला आणि बाकीच्या आकड्यांकडेही संशयानं बघितलं गेलं. आकड्याच्या रस्त्यावर हा धोका कायम असतो. त्यामुळे मोजायला सुरुवात करण्याआधीच इन-चार्जला विचारून व्याख्या ठरवून घ्या. आधीची निदान दहा सेटिंग मोजा, नंतरची दहा मोजा, आणि त्यात रात्रपाळीही येऊ द्या.

आता पैशाचं बघू. आठवड्याला आठ सेटिंग धरली तर २०० मिनिटं वाचतात. मशीनचा तासाचा दर ४०० रुपये धरला तर महिन्याला साडेपाच-पावणेसहा हजार. "माझा पगार मीच भरून काढतो" असं म्हणायला हा आकडा पुरत नाही. शिवाय ऑर्डर भरपूर असेल तरच वाचलेल्या वेळाला किंमत; मशीन रिकामं उभं असेल तर वाचलेली मिनिटं कुणाच्या खिशात जात नाहीत. आणि मालकाच्या डोक्यात येणारा हिशेब वेगळाच: ट्रॉली आता लागली, ती लावणारा गेला तरी चालेल.

दुसऱ्या रस्त्यात हाच हिशेब तुमच्या बाजूनं वळतो. हाच पोरगा रोज सकाळी रिजेक्शनचं रजिस्टर लावायचा. कास्टिंगमधले ब्लो होल किती, सँड इन्क्लुजन किती, आमच्या मशीनिंगची चूक किती, हे वेगळं करून फाउंड्रीला कळवायचा. प्रोजेक्टच्या व्हायवासाठी तो दोन दिवस कॉलेजला गेला, तेव्हा इन-चार्जचा तीनदा फोन गेला. ते तीन फोन मला त्या २५ मिनिटांपेक्षा जड वाटतात.

हे मांडायला एक पान पुरतं: आठवड्याला कोणतं काम, किती तास, तुम्ही येण्याआधी कोण करायचं, तुम्ही गेल्यावर कोण करणार. शेवटचा रकाना इन-चार्जलाच भरू द्या. तिथं त्यांचं पेन अडलं की तुमचं म्हणणं पोचलं. उणीव एवढीच की नुसती झेरॉक्स आणि नोंदी असतील तर जूनमध्ये येणारा नवा इंटर्न तेच फुकटात करेल. आठवडाभरात दुसऱ्याला शिकवता येईल असं काम या यादीत घालू नका. ब्लो होल आणि श्रिंकेज यातला फरक नजरेनं ओळखणं एका आठवड्यात येत नाही.

मग निवडायचं कसं? मालक स्वतः शॉपवर फिरतो अशा छोट्या युनिटमध्ये मी दुसरा रस्ता सांगेन. तिथं पीपीटी कुणी उघडतसुद्धा नाही. मोठ्या कंपनीत जागा मंजूर करणारा माणूस तुम्हाला ओळखत नसतो, त्याच्यापुढं कागद जातो, म्हणून तिथं आकडा लागतो, तोही इन-चार्जच्या सहीनं. एप्रिलपासूनच्या नव्या वर्षात जागा धरल्यात का, हेही आधी विचारा. नसतील, तर चांगला कागदही फाइलमध्ये पडून राहतो.

बऱ्याचदा "आधी एक वर्ष अप्रेंटिस राहा" असं उत्तर येतं. पूर्ण वेळची नोकरी ती नव्हे. अप्रेंटिसला पुढं घेण्याबाबतचं धोरण कंपनीनं स्वतः ठरवायचं, असं २०१४ च्या दुरुस्तीपासून कायदा सांगतो. ते धोरण काय आहे, हे सही करण्याआधी विचारायला लाजू नका.

त्या पोरानं शेवटून दुसऱ्या आठवड्यात ट्रॉलीचा कागद बाजूला ठेवला आणि रजिस्टरचं पान पुढं केलं. इन-चार्जनी शेवटचा रकाना रिकामाच ठेवून ते मालकांकडे नेलं.