४०४६ चा फेज कंपॅरेटर निवडताना : पिन २ की पिन १३?

४०४६ वापरून फेज-लॉक्ड लूप बांधायला घेतला की खरी निवड एकाच ठिकाणी करावी लागते. व्हीसीओ चिपमध्ये एकच आहे, लूप फिल्टर आपण बाहेरून जोडतो आणि डिव्हायडर गरजेप्रमाणे लावतो. फेज कंपॅरेटर मात्र दोन दिलेले आहेत. पहिला म्हणजे साधे एक्सॉर गेट, ज्याचे आउटपुट पिन २ वर मिळते. दुसरा सिग्नलच्या चढत्या कडा पाहून चालतो आणि त्याचे आउटपुट पिन १३ वर येते. दोघांची इनपुटे तीच असल्यामुळे फिल्टरकडे जाणारी एक वायर हलवली की बोर्डाचा स्वभाव बदलतो. मी दोन्ही एकाच बोर्डावर वापरून पाहिले आहेत, म्हणून हा आढावा.

काम कोणते, ते आधी सांगतो, कारण निवड कामावरच ठरते. बडोद्यात मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांसाठी आम्ही वीज मोजणारी पॅनेल बनवतो. त्यांत व्होल्टेजच्या प्रत्येक सायकलचे बरोबर १२८ नमुने घ्यायचे असतात, म्हणजे ५० हर्ट्झच्या पुरवठ्याला ६४०० हर्ट्झचे क्लॉक बांधून ठेवायचे असते. व्हीसीओचे आउटपुट ४०४० मधून १२८ ने भागून कंपॅरेटरकडे परत आणले आहे आणि व्हीसीओचे रेझिस्टर असे निवडले आहेत की भागल्यानंतरची फ्रिक्वेन्सी ४५ ते ५५ हर्ट्झ फिरू शकते.

एक्सॉरची बाजू मुळीच कच्ची नाही. मेन्सवर कॉन्टॅक्टरचा एखादा काटा आला, तर एक्सॉरचे आउटपुट तेवढ्या क्षणापुरते उलटते आणि सरासरी जवळजवळ जागेवरच राहते. इनपुट गेले तर व्हीसीओ आपल्या मध्य फ्रिक्वेन्सीवर येऊन थांबतो, हेही सोयीचे आहे. दोन्ही इनपुटे निम्मा वेळ वर आणि निम्मा वेळ खाली असावीत, ही त्याची अट आहे. झीरो-क्रॉसिंगच्या ऑप्टोकप्लरमधून तशी लाट क्वचितच मिळते आणि तेवढी लॉक रेंज आक्रसते. पण हा दोष सांभाळता येण्यासारखा आहे.

माझ्या दृष्टीने निर्णय झाला तो कॅप्चर रेंजवर. लॉकमध्ये असताना एक्सॉरचे आउटपुट १०० हर्ट्झची चौकोनी लाट असते. ती व्हीसीओपर्यंत पोहोचली तर एकाच सायकलमधले नमुने कमी-अधिक अंतरावर पडतात, म्हणून फिल्टर जड ठेवावा लागतो. आमच्याकडे १ मेगओहम आणि १ मायक्रोफॅरड होते, म्हणजे टाइम कॉन्स्टंट १ सेकंद. असा लूप एकदा लॉक झाला की इनपुट हळूहळू ५ हर्ट्झ वर किंवा खाली गेले तरी सोडत नाही. पण लॉक नसताना काय घडते ते पाहावे. इनपुट आणि भागलेली फ्रिक्वेन्सी यांच्यातील फरकाइतका बीट कंपॅरेटरच्या आउटपुटवर उमटतो आणि फिल्टरमधून जे काही शिल्लक उरते, तेवढेच व्हीसीओला हलवते. फरक ०.९ हर्ट्झचा असेल तर हा फिल्टर बीटला सुमारे साडेपाच पटींनी लहान करतो. ५ हर्ट्झची पूर्ण झेप तेवढ्याने भागली की जवळपास ०.९ हर्ट्झच येते, म्हणून व्हीसीओ इनपुटपर्यंत कसाबसा पोहोचतो. जवळ जाताना बीट मंदावतो, मंदावलेला बीट फिल्टरमधून अधिक जातो, आणि लूप ओढला जाऊन लॉक होतो. फरक २.५ हर्ट्झचा असला तर बीट सुमारे सोळा पटींनी लहान होतो, व्हीसीओ जेमतेम ०.३ हर्ट्झ इकडे-तिकडे हलतो आणि लॉक लागतच नाही. हा ढोबळ हिशेब आहे, प्रत्यक्षात कॅप्चर रेंज थोडी अधिक मिळते. तरीही ५ आणि १ यांच्यातले अंतर त्यामुळे बुजत नाही.

आता हे पॅनेल मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली आहे असे समजावे. तापल्यामुळे व्हीसीओचा मध्य सरकून ४९ हर्ट्झवर आला, तरी सकाळपासून लॉक असलेल्या लूपला त्याची झळ लागत नाही. दुपारी वीज जाते, जनरेटर सुरू होतो, आणि लोड पडण्यापूर्वी तो साडेएकावन्न हर्ट्झवर पळत असतो. तेवढ्यात पॅनेल पुन्हा चालू होते. साडेएकावन्न हे लॉक रेंजच्या आतच असते, पण कॅप्चर रेंजच्या पार बाहेर. पिन १० वरचे बफर केलेले आउटपुट सीआरओवर पाहिले की सरळ रेषेऐवजी अडीच हर्ट्झचे लहान लहान डोंगर दिसतात, एक उतार जरा अधिक उभा. मीटर आकडे दाखवतच राहतो, फक्त ते चुकीचे असतात. ग्राहक फोनवर सांगतो की सकाळी सगळे ठीक होते, आणि तो खरेच सांगत असतो. ही एक कटकट मला इतर सगळ्या गुणांपेक्षा जड वाटली.

पिन १३ वर हा प्रश्नच उरत नाही. हा कंपॅरेटर फ्रिक्वेन्सीतला फरकही ओळखतो. व्हीसीओ मागे असेल तर आउटपुट एकतर वर जाते किंवा मोकळे सुटते, खाली येत नाही; त्यामुळे कॅपॅसिटर एकाच दिशेने भरत जातो आणि काही सेकंदांत लॉक लागतो, फिल्टर कितीही जड असो. कॅप्चर रेंज आणि लॉक रेंज एकच होतात. लॉक लागल्यावर आउटपुट जवळजवळ सतत मोकळे राहते, म्हणून १०० हर्ट्झचा तरंगही राहत नाही. मात्र कॅपॅसिटरच्या पायाशी एक रेझिस्टर हवाच, नाहीतर लूप लॉकभोवती डोलत राहतो. एक्सॉरलाही हा रेझिस्टर लागतो, पण तिथे तो वाढवला की तरंग आत शिरतो. इथे तो मोकळ्या हाताने वाढवता येतो.

किंमत मोजावी लागते ती इनपुटच्या स्वच्छतेत. मेन्सवरचा एक फाजील काटा म्हणजे या कंपॅरेटरला एक जादा सायकल वाटते आणि लूपला धक्का बसून तो सावरेपर्यंतचे नमुने वाया जातात. आम्ही पिन १४ च्या आधी आरसी फिल्टर आणि ४०१०६ चा श्मिट ट्रिगर लावतो. त्याने थोडा फेज विलंब येतो, पण तो ठरावीक असल्याने हिशेबात वजा करता येतो. इनपुट पूर्ण गेले तर व्हीसीओ मध्यावर न थांबता तळाला, म्हणजे आमच्याकडे ४५ हर्ट्झच्या पातळीला जातो, हेही लक्षात ठेवावे.

क्षीण, गोंगाटात बुडालेला टोन पकडायचा असेल आणि त्याची फ्रिक्वेन्सी आधीपासून नेमकी माहीत असेल, तर मी आजही एक्सॉरच सुचवीन. तिथे कडांवर भरवसा ठेवणे धोक्याचे आहे. मेन्ससारखे दणकट सिग्नल असेल आणि ते केव्हा, कुठल्या फ्रिक्वेन्सीवर परत येईल हे आपल्या हातात नसेल, तर माझा कल पिन १३ कडे राहील. तिथे पिन १ वरचे फेज पल्सेसचे आउटपुटही वापरता येते : लॉक असताना ते जवळजवळ सतत वर असते, आणि आमच्या नव्या बोर्डांत ते गाळून प्रोसेसरला दिले आहे, म्हणजे लॉक नसताना मीटर आकडे दाखवतच नाही.