एकच प्रत: बियांची मोजणी की सदर्न ब्लॉट?

रोपात घातलेल्या जनुकाची एकच प्रत बसली आहे का, हे तपासायचंय. अ‍ॅराबिडॉप्सिस या छोट्या रोपाची फुलं ते जनुक वाहून नेणाऱ्या अ‍ॅग्रोबॅक्टेरियम जिवाणूच्या द्रावणात बुडवली, बियांतून कॅनामायसिन या प्रतिजैविकावर तगलेलं रोप निवडलं. आता त्याच्या स्वपरागणाच्या बिया पुन्हा कॅनामायसिनवर पेरायच्या. 100 पैकी 76 रोपं हिरवी, 24 पांढरी, म्हणजे जवळपास 3:1. जनुक एकाच जागी बसलंय. पहिली चाळणी म्हणून मला हीच मोजणी आवडते.

पण त्या एका जागी दोन प्रती शेजारीशेजारी चिकटल्या असल्या, तरी गुणोत्तर 3:1च येतं! तिथे सदर्न ब्लॉट हवा, म्हणजे डीएनए कापून हवे ते तुकडे पट्ट्यांच्या रूपात दाखवणारी चाचणी. जिवाणूने रोपात घातलेल्या डीएनएच्या तुकड्याला, म्हणजे टी-डीएनएला, एकदाच कापणारं एन्झाइम घ्यायचं, आणि तो तुकडा शोधणारा प्रोब कापाच्या एकाच बाजूचा. मग साधारणपणे प्रत्येक प्रतीमागे एक पट्टा दिसतो. डीएनए अर्धवट कापला गेला, तर मात्र फसवे जादा पट्टे उमटतात. दुसऱ्या एन्झाइमनेही एकच पट्टा आल्याशिवाय मी लाइन पक्की धरत नाही.