आवाज माझ्या मुलाचाच होता

गेल्या माघात एका गुरुवारी सकाळी पावणेअकराला अनोळखी नंबरवरून मला फोन आला. फोंड्याच्या बाजारातून येऊन मी नुकताच सोप्यावर टेकलो होतो. "बाबा, मी बोलतोय. माझ्या गाडीखाली एक माणूस आला. माझा फोन फुटलाय. बाबा, मला सोडवा..." आणि पुढे नुसते हुंदके. मुलगा पुण्यात नोकरीला आहे. आवाज त्याचाच होता. शब्दाच्या शेवटी किंचित खाली उतरणारा, जरासा घोगरा. आजही कुणी विचारलं तर मी तेच सांगेन.

दहा-पंधरा सेकंदांत फोन दुसऱ्या माणसाने घेतला. तो हिंदीत बोलत होता. आपण पोलीस ठाण्यातून बोलतोय, जखमीचे नातेवाईक समोरच बसलेत, इस्पितळाचे ८५,००० रुपये लगेच भरले तर ते तक्रार करणार नाहीत, नाहीतर मुलगा आत जाईल, असं त्याने सांगितलं. "फोन कापू नका, कापलात तर प्रकरण माझ्या हातात राहणार नाही," हे तो पुन्हा पुन्हा बजावत राहिला. त्याने दिलेला युपीआय आयडी टाकला तेव्हा पडद्यावर एका अनोळखी बाईचं नाव आलं. ते मी वाचलं, त्याला विचारलंही. "इस्पितळाच्या कॅशियरचं आहे," तो म्हणाला. मी पिन टाकला. १०:५८ ला ५०,००० आणि ११:०९ ला ३५,००० गेले.

मग त्याने वकिलासाठी आणखी ६०,००० मागितले. तेवढ्यात हिने माझा चेहरा पाहिला आणि काही न बोलता स्वतःच्या फोनवरून मुलाला फोन लावला. दुसऱ्याच रिंगला त्याने उचलला. "आई, हांव मिटींगेंत आसां, मागीर फोन करतां." माझ्या कानाला लावलेल्या फोनवर तो तोतया अजून बोलतच होता.

रात्री अंथरुणावर पडल्यावर एक गोष्ट लक्षात आली आणि पोटात गोळा आला. माझा मुलगा माझ्याशी मराठीत बोलतच नाही. आमच्या घरात लिहिणं, वाचणं, नाटक, कीर्तन सगळं मराठीत. पण एकमेकांशी आम्ही कोकणीतच बोलतो. अपघातात सापडलेला माझा मुलगा "बाबा, हांव उलयतां" म्हणाला असता. अठ्ठावीस वर्षं जे ऐकत आलो तेच नेमकं त्या फोनवर नव्हतं आणि मला ते जाणवलंही नाही. आवाज ओळखीचा लागला की कान पुढचं काही तपासत नाही, हे मी त्या दिवशी शिकलो.

त्यांना तो आवाज कुठे मिळाला असेल? गावच्या देवळात जत्रेला दरवर्षी मराठी नाटक होतं. मुलगा रजा काढून येतो आणि त्यात काम करतो. मागच्या नाटकाचा व्हिडिओ कुणीतरी फेसबुकवर टाकला होता. त्यात त्याचं लांबलचक स्वगत आहे, माइकवर, स्पष्ट, नावासकट. उत्सवाची निमंत्रणपत्रिकाही तिथेच होती आणि समितीच्या संपर्कात माझं नाव, आमचं आडनाव आणि मोबाईल नंबर. मुलगा, बाप आणि बापाचा फोन, तिन्ही एकाच पानावर होते. नाटक मराठीत होतं म्हणून फोनवरची भाषा मराठी, असा माझा तर्क आहे.

मुलाच्या ऑफिसातला एक मित्र ध्वनी तंत्रज्ञानात काम करतो. त्याने मला समजावलं की आवाजाची नक्कल करणारी एआयची साधनं कुणाच्या रेकॉर्डिंगचे तुकडे जोडत नाहीत. बोलणाऱ्याच्या आवाजाचा पोत आणि बोललेले शब्द ती वेगळे करतात, आणि मग तो पोत हव्या त्या वाक्यावर चढवतात. २०२३ च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी अवघ्या तीन सेकंदांच्या नमुन्यावरून हे करून दाखवलं होतं. आमच्या व्हिडिओत तर कित्येक मिनिटं होती. त्यातून साध्या फोनवर आवाजाची जेमतेम ३०० ते ३४०० हर्ट्झची पट्टी जाते, त्यामुळे यंत्राच्या आवाजातले बारीक दोष वाटेतच गाळले जातात. उरलेले दोष हुंदक्यांखाली झाकले जातात.

मी कॉल रेकॉर्ड केला नव्हता, त्यामुळे तो आवाज यंत्राचाच होता हे आता तपासता येत नाही. पण त्या मित्राने एक नेमकी गोष्ट दाखवली. 'मुलगा' तीन-चार वाक्यंच बोलला, माझ्या एकाही प्रश्नाला त्याने उत्तर दिलं नाही. पैशांची बोलणी, घाई, धाक हे सगळं जिवंत माणसाने केलं. आवाजाला फक्त माझं काळीज धरायचं होतं. त्यासाठी तो शंभर टक्के हुबेहूब असण्याचीही गरज नव्हती. उरलेलं घाबरलेला बापच भरून काढतो.

हिने मुलाला फोन लावला तो क्षण म्हणूनच मला महत्त्वाचा वाटतो. येणाऱ्या फोनवरचा आवाज बनवता येतो, दिसणारा नंबरही खोटा दाखवता येतो. पण आपण साठवलेल्या नंबरवर आपणच फोन लावला की तो खऱ्या माणसाच्या सिमवर जातो. "माझा फोन फुटलाय" हे वाक्य हीच वाट बंद करायला घातलेलं होतं. फोन चालू ठेवायला सांगणंही त्याचसाठी.

व्हिडिओ कॉलनेही मला आता धीर येणार नाही. २०२३ मध्ये कोळिकोडच्या एका निवृत्त गृहस्थांनी व्हिडिओवर जुन्या सहकाऱ्याचा चेहरा पाहून ४०,००० रुपये पाठवले, तो चेहरा बनावट होता. त्यांनी लगेच कळवल्यामुळे ते पैसे अडवता आले.

आम्ही ११:२१ ला सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला. बँकेचं नाव, रक्कम, वेळ आणि प्रत्येक व्यवहाराचा १२ आकडी क्रमांक विचारला. तो क्रमांक ॲपमधल्या व्यवहाराच्या तपशिलात असतो. मला तो शोधायला पाच मिनिटं गेली, ती जायला नको होती. तक्रार cybercrime.gov.in वरही करता येते, पण पैसे पळत असताना फोनच आधी करा. ३५,००० पुढच्या खात्यात गोठवले गेले. ५०,००० तोवर आणखी दोन खात्यांतून फिरून एटीएममधून निघाले होते. बँकेने सांगितलं की पिन तुम्हीच टाकला आहे, त्यामुळे भरपाई नाही. गोठवलेले ३५,००० परत मिळावेत म्हणून अर्ज केला आहे.

आता घरात एक शब्द ठरवला आहे. तो आम्ही समोरासमोर बसून ठरवला, फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर कधी उच्चारत नाही. देवाचं नाव, गावाचं नाव, मुलाचं लाडकं नाव असलं काही घेतलं नाही, कारण ते सगळं फेसबुकवर सापडतं. पैशांचा विषय निघाला की आधी तो शब्द, आणि शब्द मिळाला तरी फोन ठेवून आपण परत लावायचा. मुलाच्या खोलीतल्या सोबत्याचा आणि ऑफिसातल्या एकाचा नंबर हिने कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवला आहे, मुलाचा फोन खरोखरच बंद असला तर.

मुलाने यंदा नाटकात काम करू नये, असं काही जण सुचवत होते. तो करणार आहे, व्हिडिओही लागेल. पत्रिकेवरचा माझा मोबाईल नंबर मात्र मी काढायला सांगितला आणि त्या जागी देवळाच्या कार्यालयाचा दिला.