पणतीचा रंग टिकवायचा, तर लेप आतून की बाहेरून?

रंगवलेल्या पणतीला आपण वार्निश मारतो बाहेरून, आणि तेल येतं आतून. कमी आचेवर भाजलेल्या मातीला बारीक छिद्रं असतात. सरकीचं किंवा सोयाबीनचं तेल भरलं की ते भिंतीत झिरपतं आणि रंगाच्या मागे पोचतं. अ‍ॅक्रिलिक आधी काळपट दिसतं, मग नखानं सालीसारखं निघतं. म्हणून कोणतं वार्निश घ्यायचं याच्या आधी आतून काय लावायचं ते ठरवा.

रात्रभर पाण्यात भिजवायची जुनी रीत इथे पुरत नाही. भिजलेली पणती तेल कमी पिते हे खरं, पण छिद्रांतलं पाणी सुकलं की तो गुण संपतो. रंगवण्याआधी धूळ जावी, तडे कळावेत म्हणून भिजवायचं असेल तर पाणी बघून भिजवा. अकोला-अमरावतीकडच्या खारपाण पट्ट्यात विहिरीच्या पाण्यातलं मीठ मातीत उतरतं आणि सुकताना पांढरा फुलोरा होऊन रंग उचलतं. तिथे नळाचं गोड पाणी बरं.

आतून लावायला तीन गोष्टी सहज मिळतात. फेव्हिकॉल पाण्यात पातळ करून लावला तर तेल बऱ्यापैकी अडतं, पण गरम झाला की तो मऊ पडतो आणि ओल लागली की पांढरा, चिकट होतो. दिवाळीतलं पहाटेचं दव त्याला पुरतं. बाहेरून रंगाखाली अस्तर म्हणून मात्र तो चांगला. माती रंग कमी पिते.

लाकडाचं वार्निश आतून लावू नका. तेल असेपर्यंत ते थंड राहतं. तेल संपलं, वात खाली बसली, की तेच वार्निश जळतं आणि घरभर वास होतो.

माझा कौल जवसाच्या कच्च्या तेलाला. हे तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं, सरकीचं तसं होत नाही. कापडानं आतून पातळ हात फिरवायचा, दहा-पंधरा मिनिटांनी वर उरलेलं पुसून घ्यायचं आणि पणत्या उन्हात मांडायच्या. बोटाला चिकटत नाही तोवर थांबायचं. त्याला आठवडाभर तरी धरून चला. जास्त लावलंत तर ते बाहेर उमटेल आणि तेलकट जागेवर अ‍ॅक्रिलिक धरणार नाही. तेल पूर्ण बंद होईल असं नाही, पण झिरपणं बरंच मंदावतं. आणि ती कापडं गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाच्या तेलाचा बोळा आपोआप तापून पेट घेऊ शकतो. दोरीवर मोकळी वाळत घाला, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.

बाहेरचं त्या मानानं सोपं. पाण्यात मिसळणारं अ‍ॅक्रिलिक वार्निश पांढऱ्या, निळ्या रंगाला पिवळं करत नाही, वासही कमी. पण उष्णतेनं मऊ पडतं. टिनाच्या खोलीत एकावर एक रचलेल्या पणत्या चिकटतात, मधे कागद घाला. तेलाचं वार्निश उष्णता आणि तेल दोन्ही जास्त सोसतं, फक्त किंचित पिवळसर झाक देतं आणि वाळायला वेळ घेतं. लाल, केशरी, तपकिरी नक्षीवर ती झाक कळतही नाही. दोन्ही पातळ हातांनी लावा, आणि वात टेकते ती चोच व तिच्या आजूबाजूचं बोटभर अंतर रंगाशिवाय, वार्निशशिवाय, कोरं सोडा. ज्योतीजवळ कोणतंही अ‍ॅक्रिलिक टिकत नाही, काळं पडून फुगतं.

समजा बचत गटाला दोनशे पणत्या द्यायच्या आहेत आणि दिवाळीला पंधरा दिवस आहेत. भिजवणं आणि वाळवणं यात तीन दिवस जातील. पुरती वाळलेली पणती टिचकी मारली की खणखणते. ओली बद्द वाजते, आणि तिच्यावरचा रंग फोड येऊन निघतो. पुढचा आठवडा जवसाला, मग दोन दिवस रंगाला, उरलेले वार्निशला. सगळ्या रंगवण्याआधी त्यातली एक पणती सरकीच्या तेलानं भरून वर्तमानपत्रावर रात्रभर ठेवा. सकाळी खाली रुंद डाग दिसला तर आतला हात कमी पडला आहे, दुसरा द्यावा लागेल.

दिवस पाचच उरले असतील तर जवसाचा नाद सोडा. पणती आतून कोरीच ठेवा, बाहेर अ‍ॅक्रिलिक वार्निश द्या, आणि आत पत्र्याच्या वाटीतली छोटी मेणबत्ती बसेल अशा मापाच्याच पणत्या कुंभाराकडून निवडून घ्या. गिऱ्हाइकाला विकताना सांगा, तेल थेट ओतायचं नाही.